पार्टनरशी बोलून कळवतो

मी कारखान्यांना स्क्रू कॉम्प्रेसर विकतो. भोसरी, चाकण, कधी कुपवाड, कधी शिरोली. गिऱ्हाईक बहुतेक छोटं-मध्यम असतं: मशीन शॉप, पावडर कोटिंग, पेट बाटल्या, थोडं फॅब्रिकेशन. कोटेशन वाचून झालं की ठरलेलं वाक्य येतं, "बरं, पार्टनरशी बोलून कळवतो." पगारी माणूस असेल तर "साहेबांच्या कानावर घालतो." या एका वाक्याला काय उत्तर द्यायचं, याबद्दल वहीत अधूनमधून लिहून ठेवलेलं इथे एकत्र केलंय.

*

नवीन मुलगा यावर दोनपैकी एक करतो. "हो हो, सावकाश कळवा" म्हणून बॅग उचलतो, नाहीतर "साहेब, पण शेवटी निर्णय तुमचाच ना?" म्हणून खुर्चीत रुतून बसतो. दुसरं जास्त वाईट. समोरचा माणूस निम्म्या धंद्याचा मालक आहे. उरलेल्या निम्म्याच्या मालकाला न विचारता नऊ-दहा लाखांचा खर्च करत नाही, हा त्याचा शहाणपणा आहे. आपण मात्र त्याला सुचवतो की तुमची इथे चालत नाही. मग तो स्वतःचं वजन दाखवायला म्हणतो, "मीच ठरवतो. आत्ता नको." झालं, विषय मिटला.

*

कायद्याचं म्हणाल तर पार्टनरला खरोखर विचारावंच लागतं असं नाही. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या १८व्या कलमाप्रमाणे प्रत्येक भागीदार धंद्याच्या कामापुरता फर्मचा एजंट असतो, आणि १९व्या कलमाप्रमाणे धंद्याच्या नेहमीच्या रीतीतला त्याचा व्यवहार फर्मवर बंधनकारक होतो. एकट्याने काय करता येत नाही, तेही त्याच कलमात आहे: वाद लवादाकडे नेणं, फर्मचं खातं स्वतःच्या नावाने उघडणं, फर्मसाठी स्थावर घेणं किंवा फर्मची स्थावर विकणं, अशा गोष्टी. यंत्रखरेदी त्या यादीत नाही. भागीदारीच्या करारात वेगळं काही लिहून घेतलेलं असू शकतं, आणि बँकेचं कर्ज घ्यायचं म्हटलं की बँक सगळ्या भागीदारांच्या सह्या मागतेच.

हे सगळं माहीत असावं आणि गिऱ्हाइकासमोर कधी काढू नये. पीओवर एका भागीदाराची सही चालते. पण दुसऱ्याच्या मनाविरुद्ध आलेल्या मशीनचं बिल निघतं तेव्हा चेकवर सही करायला तोच दुसरा बसलेला असतो.

*

तर पहिलं उत्तर काय? मी म्हणतो, "जरूर बोला, बोलायलाच पाहिजे." आणि ते मनापासून म्हणतो, कारण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. मग लगेच दोन प्रश्न, या क्रमाने.

"त्यांचं नंतर बघू. तुमचं स्वतःचं मत काय झालं?"

"आणि तुम्ही सांगितल्यावर ते पहिला प्रश्न काय विचारतील?"

पहिला प्रश्न विचारायचा तो यासाठी, की समोरच्यालाच पटलेलं नसेल तर पार्टनर हा नुसता आडोसा असतो. "मला चांगलं वाटलं, पण..." असं आलं की त्या "पण"च्या पुढचं ऐकून घ्यायचं. तिथे खरी अडचण बसलेली असते आणि तिचा पार्टनरशी संबंध नसतो. अडचण निघाली तर आधी तिच्यावर बोलायचं, पार्टनरला दोन मिनिटं बाजूला ठेवायचं.

दुसऱ्या प्रश्नाने खरं-खोटं कळतं. ज्याला खरोखर बोलायचंय त्याच्या डोक्यात पार्टनरचा आवाज तयार असतो. तो विचार न करता सांगतो: "तो म्हणणार जुनं चालतंय की." "तो म्हणणार मार्च झाल्यावर बघू." ज्याला आपल्याला नुसतं दारापर्यंत पोचवायचंय तो म्हणतो, "बघू, काय म्हणतात ते." पार्टनर कोण, कुठे बसतात, काय बघतात, यातलं काहीच येत नाही. एकदा हळूच विचारून बघावं, "काही पटलं नसेल तर आत्ताच सांगा, मला बरं पडेल." बरेच लोक मग सुटल्यासारखे हसतात आणि खरं सांगतात. नकार आज मिळाला तर तीन आठवड्यांचे फोन वाचतात, त्यांचेही आणि आपलेही.

*

तिसराही प्रकार असतो, आणि तो सगळ्यात जास्त आढळतो. माणूस खरा आहे, त्याला पटलंही आहे, पार्टनरशी बोलणारही आहे. पण आपण तासभर जे सांगितलं ते त्याला परत सांगता येणार नाही. प्रेशर बँड, इन्व्हर्टर, लोड-अनलोड यातलं संध्याकाळपर्यंत काही उरत नाही. पार्टनरपर्यंत पोचतं ते एवढंच: "कॉम्प्रेसरवाला आला होता. साडेनऊ लाख म्हणतोय."

किंमत तोंडी सांगता येते, कारण सांगता येत नाही. सगळा घोळ इथे आहे. म्हणून या वाक्याला द्यायचं खरं उत्तर तोंडी नसतं, ते एका पानावर असतं. कोटेशन म्हणजे ते पान नव्हे. कोटेशन अठरा पानांचं असतं, त्यात कंपनीचा इतिहास आणि कारखान्याचे फोटो असतात, आणि ते पार्टनर उघडतो ते शेवटच्या पानापासून.

*

भोसरीतलं एक उदाहरण सविस्तर लिहितो. आकडे थोडे गोल केलेत.

मशीन शॉप, दोन भागीदार, नात्याने मेहुणे-मेहुणे. एक शॉप बघतो, माझं बोलणं त्याच्याशी. दुसरा हिशेब, बँक आणि वसुली बघतो. जुना ३७ किलोवॅटचा म्हणजे ५० एचपीचा फिक्स्ड स्पीड स्क्रू. दोन शिफ्ट, दिवसाला १६ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ४,८०० तास. एअर एंड आवाज करायला लागलेला, ओव्हरहॉलिंगचा अंदाज अडीच लाखांचा आलेला.

आम्ही आठवडाभर लॉगर लावला. मशीन चालू वेळेतला ६० टक्के वेळ लोडवर, ४० टक्के वेळ अनलोडवर. लोडवर ४० किलोवॅट खेचत होतं, अनलोडवर १२. अनलोड म्हणजे हवा देत नाही, नुसतं फिरतं, आणि तरी पूर्ण भाराच्या ३० टक्के वीज खातं. फिक्स्ड स्पीड स्क्रूचा हा जुनाच रोग आहे. सरासरी काढली तर २८.८ किलोवॅट. वर्षाला साधारण १ लाख ३८ हजार युनिट. सगळे आकार धरून नऊ रुपये युनिट लावलं तर साडेबारा लाखांच्या जवळ.

आता विकणाऱ्याचा मोह. ब्रोशरवर छापलेलं असतं, "३५ टक्क्यांपर्यंत बचत". साडेबारा लाखांचे ३५ टक्के म्हणजे सव्वाचार लाखांच्या वर. हा आकडा शॉपवाल्या साहेबांना सांगितला असता तर ते खूश झाले असते. तेच घेऊन ते मेहुण्यांकडे गेले असते, आणि वीजबिलाची फाइल ज्याच्या कपाटात आहे त्या माणसाने दोन प्रश्नांत तो आकडा पाडला असता. मग साहेब तोंडघशी आणि मी कायमचा बाहेर.

खरा हिशेब असा. व्हीएफडी मशीन ६० टक्के हवेला साधारण ६० टक्के वीज घेतं, वर इन्व्हर्टरचा तोटा. दुसरीकडे प्रेशर सात ते आठ बारमध्ये वरखाली न होता सातच्या आसपास टिकतं, त्यात थोडं परत मिळतं. एक बार प्रेशर कमी केलं की ढोबळमानाने सहा-सात टक्के वीज वाचते, असं आम्ही धरतो. सगळं मिळून सरासरी २५ किलोवॅट. म्हणजे फरक ३.८ किलोवॅटचा, वर्षाला १८ हजार युनिट, रुपयांत १ लाख ६० हजारांच्या आसपास. ३५ टक्के नाही, १३ टक्के. अनलोडमधली सगळी वीज वाचते असंही नाही, हे आमच्यातल्याच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

*

तर साहेब म्हणाले, "मेहुण्यांशी बोलून सांगतो." मी म्हटलं, "जरूर. ते पहिलं काय विचारतील?" क्षणही न थांबता उत्तर आलं: "म्हणतील, ओव्हरहॉल करून घे. अडीच लाखांत भागतंय ना?"

मग मी कागद काढला आणि म्हटलं, "मग पहिली ओळ तीच लिहू."

असं एक पान तयार झालं. त्यात तीन पर्याय. पहिला, जुन्याचं ओव्हरहॉलिंग: अडीच लाख, वीज आहे तेवढीच, आणि मशीन अजून काही वर्षं चालेल. दुसरा, नवीन फिक्स्ड स्पीड: ७ लाख ४० हजार, वीज जवळपास आहे तेवढीच. तिसरा, नवीन व्हीएफडी: ९ लाख ४० हजार, वर्षाला १ लाख ६० हजारांची वीज कमी. जुनं मशीन परत दिलं तर १ लाख ४० हजार वजा. ओव्हरहॉलिंगचे अडीच लाख वाचतात तेही वजा. उरतात साडेपाच लाख, ते साडेतीन वर्षांच्या आत सुटतात. नवीन घ्यायचंच ठरलं तर फिक्स्ड आणि व्हीएफडी यातला दोन लाखांचा फरक सव्वा वर्षात सुटतो. जीएसटी १८ टक्के वेगळा, पण त्याचं क्रेडिट मिळत असल्याने तो खर्चात धरला नाही, असं खाली लिहिलं. लॉगरचा आलेख मागच्या बाजूला.

माझ्या ऑफिसात पहिल्या ओळीवरून कुरकुर झाली. आपणच स्वस्त पर्याय का लिहून द्यायचा? अहो, तो पर्याय पार्टनर काढणारच आहे. प्रश्न एवढाच, की तो काढेल तेव्हा आपला माणूस गप्प बसणार, की "हो, तो पण लिहिलाय, हा बघ" म्हणणार.

*

पान हातात दिलं तरी मोबाइलवर वेगळं पाठवायचं, कारण कागद शॉपमध्येच राहतो. आणि मेसेज असा हवा की साहेबांनी एक अक्षर न बदलता पुढे ढकलला तरी चालेल. म्हणजे त्यात "आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार" नको, माझी स्तुती नको, त्यांना उद्देशून काही नको. त्या दिवशीचा मेसेज असा होता:

"कॉम्प्रेसर: आठवडाभर मोजणी केली. चालू वेळेच्या ४० टक्के वेळ मशीन हवा न देता फिरतं. तीन पर्याय सोबतच्या पानावर आहेत, जुनं ओव्हरहॉल करण्याचा धरून. नवीन व्हीएफडीने वर्षाला अंदाजे १.६ लाखांची वीज वाचेल. हा आकडा दोन शिफ्ट चालू राहतील असं धरून आहे. एक शिफ्ट झाली तर निम्मा होईल. मोजणीचे आकडे तपासायचे असतील तर मूळ फाइल देतो."

शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम घातलं. हिशेब बघणारा माणूस आकड्यात आधी कमकुवत जागा शोधतो. ती आपणच दाखवली की बाकीच्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसतो.

*

सोबत न्यायचं की नाही? "मी येऊन समजावतो त्यांना" हे वाक्य लगेच टाकायचं नाही. त्याचा अर्थ, तुम्हाला जमणार नाही. मी असं विचारतो: "तुम्ही बोलताना काही टेक्निकल अडलं तर मला फोन लावाल? स्पीकरवर घ्या, पाच मिनिटांत सांगतो." सूत्रं त्यांच्याच हातात राहतात. बऱ्याचदा फोन येतोच, आणि मग पार्टनर स्वतः म्हणतो, "या एकदा."

त्यांना डावलून थेट पार्टनरला गाठणं हा तर गुन्हाच समजावा. व्हिजिटिंग कार्डावर दोघांचे नंबर असतात म्हणून ते दोन्ही आपल्यासाठी असतात असं नाही. काम झालं तरी शॉपवाले साहेब पुढे प्रत्येक सर्व्हिस रिपोर्टवर राग काढतात.

*

"पार्टनरशी बोलतो" ऐकल्या ऐकल्या भाव कमी करणारे आहेत. "साहेब, बोलताना सांगा, नऊला देतो." का? कोणी मागितलं होतं? आता पार्टनर नऊपासून खाली सुरू करणार. आणि तो करणारच, कारण त्यालाही आपल्या बोलण्याने काहीतरी कमी झालं हे दिसायला हवं असतं. या रिवाजाला मी नावं ठेवत नाही, दोघांच्या धंद्यात दोघांचा हात लागतो. पण त्यासाठी जागा शिल्लक ठेवायला हवी. ती रकमेतच असली पाहिजे असंही नाही. पहिल्या वर्षाचं ऑइल आणि फिल्टर, किंवा जुनं मशीन आमच्या खर्चाने उचलून नेणं, हे पार्टनरच्या मागणीवर देता येतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाव म्हणून दाखवलं जात नाही.

*

"कधी कळवाल?" हा वाईट प्रश्न. उत्तर येतं "दोन-चार दिवसांत", आणि ते दोन-चार दिवस कुठल्याच कॅलेंडरवर नसतात. "तुम्ही दोघं निवांत कधी बसता?" हा चांगला. भागीदारीत बसायची वेळ ठरलेली असते: कुणाची पगार वाटून झाल्यावर, कुणाची साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी. हिशेब बघणारा भागीदार महिन्याच्या १८-१९ तारखेला मशीनबद्दल ऐकायच्या मनःस्थितीत नसतो, २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचं असतं. तेव्हा आपणच म्हणावं, "मग २० तारीख होऊन जाऊ दे, मी २२ला दुपारी फोन करतो. चालेल?" तारीख त्यांनी कबूल केलेली असते, म्हणून फोन केला तर पाठीमागे लागल्यासारखं होत नाही. मधल्या दिवसांत एकही "गुड मॉर्निंग" नको.

घाई करायची असेल तर खऱ्या कारणाने. "ऑफर शुक्रवारपर्यंतच" हे आता शेंबडं पोरही ओळखतं. पण यंत्र आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, ही खरी मुदत आहे. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत मशीन लागून चालू झालेलं हवं. मशीन यायला सहा आठवडे लागत असतील तर ऑगस्टच्या मध्यावर ठरायला पाहिजे. हे पार्टनरला आवडतं, कारण ही मुदत माझी नाही, त्याच्या सीएची आहे. त्यानेही तपासून घ्यावं.

*

भोसरीच्या मेहुण्यांनी पान वाचलं आणि तिन्ही पर्यायांबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच: "जुनं मशीन परत का द्यायचं? नवीन बंद पडलं तर शॉप बसेल ना." बरोबर होतं. शॉपवाल्या साहेबांना वीज दिसत होती, मला मशीन दिसत होतं, आणि यांना थांबलेली डिस्पॅच दिसली. जुनं मशीन ओव्हरहॉल न करता कोपऱ्यात ठेवायचं, आठवड्यातून एकदा थोडा वेळ चालवायचं, गरज पडली तर वापरायचं, असं ठरलं. परतीचे १ लाख ४० हजार गेले, परतफेड चार वर्षांच्या पुढे सरकली. मी पानावर तसं दुरुस्त करून दिलं. त्यांना चालत होतं.

पार्टनरशी बोलणं हा अडथळा मानणाऱ्याने हे लक्षात घ्यावं की दुसऱ्या माणसाला बरेचदा अशी गोष्ट दिसते जी आपल्या दोघांच्या बोलण्यात आलेलीच नसते.

*

पगारी माणसाचं "साहेबांच्या कानावर घालतो" वेगळं. तिथे नाती नाहीत, मर्यादा आहेत. मेंटेनन्स मॅनेजरला एका रकमेपर्यंत सहीचा अधिकार असतो, त्यावर प्लँट हेड, त्यावर मुख्य ऑफिस. विचारायचं ते सरळ: "यासाठी तुमच्याकडे कागद कोणता लागतो?" लाजायचं काही कारण नाही, त्यालाही तेच हवं असतं. बहुतेक ठिकाणी तीन कोटेशनं आणि एक कम्पॅरेटिव्ह लागतो, आणि तो करण्यात त्या बिचाऱ्याची संध्याकाळ जाते.

इथे मदत करायची ती तक्त्याच्या रकान्यांत. तिन्ही मशीनची हवा एकाच प्रेशरला दिलेली आहे का? एकाने सात बारला सीएफएम लिहिलाय आणि दुसऱ्याने दहाला, तर तुलना खोटी. आकडे आयएसओ १२१७ प्रमाणे मोजलेले आहेत का, फिक्स्ड स्पीडसाठी अॅनेक्स सी आणि व्हीएफडीसाठी अॅनेक्स ई? वीज मोटरची लिहिलीय की पंखा-इन्व्हर्टरसकट पूर्ण पॅकेजची? हे तीन प्रश्न मॅनेजरच्या हातात दिले की तो ते सगळ्यांनाच विचारतो, आमच्यासकट. आम्ही कधी कधी त्यात दुसरे येतो. तेही ठीक, निदान भावावर नाही तर मशीनवर हरलो.

एक सावधगिरी. रक्कम मर्यादेत बसावी म्हणून "दोन पीओ करू या का, मशीन वेगळं आणि ड्रायर-टाकी वेगळी?" असं मॅनेजर कधी कधी सुचवतो. दोन खरोखर वेगळ्या वस्तू असतील तर हरकत नाही. पण वरच्या सहीला चुकवण्यासाठी एकच वस्तू तोडायची असेल तर नको म्हणावं. ऑडिटमध्ये त्याची नोकरी अडकते आणि आपलं बिल.

*

घरगुती विक्री करणारा एक मित्र आहे, घरांवर सोलर लावतो. त्याच्याकडे हेच वाक्य "घरी विचारून सांगतो" म्हणून येतं. तो म्हणतो, मी पहिल्या भेटीची वेळच दोघंही घरी असतील अशी मागतो. घराचं चालतं तसं. कारखान्यात दोघा भागीदारांना पहिल्याच भेटीत समोर बसवायला गेलं तर दोघांचं एकमेकांकडे बघण्यातच सगळं जातं. मला तरी आधी एकाला नीट पटवून देणं बरं वाटतं.

*

ठरलेल्या तारखेला फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी एक मेसेज: "काल फोन केला होता. बोलणं झालं असेल तर काय ठरलं ते कळवा, नाही ठरलं तरी चालेल." त्यावरही शांतता असेल तर आठवड्याने शेवटचा. तो असा लिहितो: "सध्या हा विषय मागे पडला असं समजून मी फाइल बाजूला ठेवतो. कोटेशनची मुदत ३० तारखेपर्यंत आहे, त्यानंतर भाव नव्याने काढावा लागेल. लॉगरची मोजणी तुमचीच आहे, दुसऱ्या कोणाकडून घेतलंत तरी वापरा."

यावर मात्र उत्तर येतं, बहुतेक वेळा. कधी "दुसरीकडून घेतलं", कधी "बँकेचं अडलंय, दिवाळीनंतर". एकदा फक्त "एअर एंडवाल्याचा नंबर द्या" असं आलं. मेहुण्यांनी नव्हे, दुसऱ्याच एका शॉपने ओव्हरहॉलिंग निवडलं होतं. नंबर दिला. त्यांचं काम झाल्यावर गळती बघायला गेलो, रात्री सगळी मशीनं बंद असताना कॉम्प्रेसर दर तीन मिनिटांनी एक मिनिट लोड घेत होता. म्हणजे मशीनच्या क्षमतेतली एक तृतीयांश हवा पाइपांतूनच जात होती. आधी ती गळती बुजवा म्हटलं. तिथले साहेब म्हणाले, "भावाशी बोलून सांगतो." विचारलं, ते पहिलं काय विचारतील? म्हणाले, "किती पाइप बदलायचे." तेवढं मोजून, फिटिंगची यादी आणि खर्च एका पानावर लिहून दिला.